‘देण्यात यावे’पासून ‘देत राहा’पर्यंत

लहान मुलाला जुलाब लागले की ओआरएसचं पाकीट घरात येतं. त्याची मागची बाजू किंवा सोबतचं पत्रक वाचायला घेतलं, तर मजकूर साधारण या वळणाचा असतो:

1. पाकिटातील संपूर्ण चूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावे.
2. तयार द्रावण रुग्णास आवश्यकतेनुसार पाजण्यात यावे.
3. उलटी झाल्यास काही काळ थांबून पुन्हा देण्यात यावे.
4. द्रावण 24 तासांच्या आत वापरावे.
5. झिंकची गोळी 14 दिवस देण्यात यावी.
टीप : पाणी उकळून थंड केलेले असावे.

यातलं एकही वाक्य खोटं नाही, वैद्यकीयदृष्ट्या चुकीचंही नाही. पण हे मध्यरात्री कोण वाचतंय ते डोळ्यांपुढे आणा. मांडीवर किरकिरणारं वर्षाचं बाळ आहे, एका हातात पाकीट आहे. ‘आवश्यकतेनुसार’ म्हणजे किती, ते त्या आईला ठाऊक नाही. ‘काही काळ’ म्हणजे पाच मिनिटं की दोन तास? पाजलेलं सगळं बाहेर पडलं, तर पुन्हा पाजायचं की आता बंद करायचं? पाणी ओतून, पावडर घालून झाल्यावर तळाची टीप दिसली, तर ते पाणी फेकून द्यायचं का? प्रत्येक प्रश्नाचं नेमकं उत्तर आहे, आणि ते या सहा ओळींत नाही.

अशा सूचना ‘सोप्या भाषेत’ लिहायला घेतल्या की बहुतेक जण कठीण शब्द बदलतात. ‘चूर्ण’चं ‘पावडर’ होतं, ‘द्रावण’चं ‘पाणी’ होतं, ‘रुग्णास’चं ‘बाळाला’ होतं. हे करायलाच हवं. पण मजकूर तेवढ्याने बोलू लागत नाही, कारण अडचण शब्दांत कमी आणि दोन वाक्यांच्या मधल्या जागेत जास्त असते. क्रमांक एवढंच सांगतो, की 3 ही गोष्ट 2 नंतर येते. मधे थांबायचं आहे का, थांबायचं तर किती, ही गोष्ट प्रत्येकाने करायची की उलटी झाली तरच, आणि मुळात का करायची, हे क्रमांकाला सांगता येत नाही. बोलताना हे काम आपण ‘मग’, ‘तोवर’, ‘की लगेच’, ‘तर’, ‘तरी’, ‘म्हणजे’, ‘नाहीतर’ अशा छोट्या शब्दांवर टाकतो. लिहिताना हेच शब्द घरगुती वाटतात, म्हणून आधी गाळले जातात, आणि त्यांच्यासोबत माहितीही गळते.

हेच काम बोलण्यात कसं होतं ते आशाताईंच्या तोंडून ऐकावं. एका ओट्यावर बसून एका तरुण आईला समजावताना मी त्यांना ऐकलं आहे: “अगं, सगळंच पाकीट टाक, अर्धं ठेवू नको. आता ढवळ. ह्याला शी झाली की लगेच थोडं थोडं पाजायचं. ओकला तर घाबरू नको, दहा मिनिटं थांब, मग चमच्या-चमच्याने दे.” दारातून सासूबाईंनी विचारलं, “दूध बंद करायचं ना?” त्यावर ताई म्हणाल्या, “नाही आत्या, दूध चालूच. जुलाब होत असले तरी अंगावर पाजायचंच.” पत्रकात होतं त्यापेक्षा जास्त वैद्यकीय माहिती या चार-पाच वाक्यांत होती. कधी द्यायचं, किती वेळ थांबायचं, नंतर वेग किती ठेवायचा, काय बंद करायचं नाही, हे सगळं ‘की लगेच’, ‘तर’, ‘मग’ आणि ‘तरी’ या शब्दांनी वाहून नेलं.

हे बोलणं कागदावर जसंच्या तसं उतरवता येत नाही, हेही खरं. ताईंना समोरची बाई दिसते, तिचं पाकीट दिसतं, तिचं भांडं दिसतं. ‘थोडं थोडं’ म्हणताना त्या हाताने खूण करतात. कागदाला हात नाहीत. म्हणून बोलण्यातला जोड उचलायचा आणि मोजमापाचा नेमकेपणा पत्रकाचा ठेवायचा, असं ते काम आहे.

सुरुवात क्रियापदापासून होते. ‘देण्यात यावे’ या रचनेत देणारा कोणीच नाही. शासकीय परिपत्रकात ते चालतं, कारण तिथे जबाबदारी पदावर असते. घरात ती एका माणसावर असते आणि त्याला ‘हे तुम्ही करायचं आहे’ असं कळायला हवं. ‘द्यावे’ त्यापेक्षा बरं, पण ते सल्ल्यासारखंही वाचता येतं, म्हणजे दिलं तर चांगलं, नाही दिलं तरी चालेल. ‘द्या’ म्हटलं की शंका उरत नाही. मराठीत याच्या पुढची एक पायरी आहे. एकदाच करायच्या कामाला ‘घाला’, ‘ढवळा’, ‘झाका’, आणि सतत करायच्या कामाला ‘देत राहा’, ‘पाजत राहा’. ओआरएस एकदा पाजून संपत नाही, जुलाब चालू असेपर्यंत ते चालू ठेवायचं असतं. ‘आवश्यकतेनुसार’ या शब्दाला जे सांगता आलं नाही, त्यातलं अर्धं ‘देत राहा’ने सांगून होतं.

वाचणाऱ्याला काय म्हणायचं हाही प्रश्न येतो. ‘तू’ आशाताईंना शोभतं, छापील कागदाला नाही, कारण तोच कागद आजी वाचते, बाबाही वाचतात. ‘आपण’ मऊ वाटतं, पण मराठीत त्याचे दोन अर्थ होतात: आदराने ‘तुम्ही’, किंवा ‘तुम्ही-आम्ही मिळून’. ‘आता आपण पाणी उकळून घेऊ’ हे करून दाखवणाऱ्याच्या तोंडी छान, कारण तो स्वतः पाणी उकळत असतो. पण पत्रकात ‘आपण दवाखान्यात जावे’ असं आलं, की ते पुन्हा परिपत्रकाकडे घसरतं. माझा कल सरळ ‘तुम्ही’कडे आहे, आणि तोही क्रियापदातून. ‘पाणी घ्या’मध्ये ‘तुम्ही’ आहेच, तो प्रत्येक वाक्यात वेगळा लिहावा लागत नाही.

आता जोडशब्द. ते सगळे सारखे नाहीत, आणि सजावट म्हणून शिंपडले तर मजकूर नुसता लांबतो. प्रत्येकाकडे एक काम हवं. ‘आधी’ आणि ‘मग’ क्रम सांगतात. ‘तोवर’ सांगतं, की हे होत असताना दुसरं काम उरकता येईल. ‘की लगेच’मध्ये वाट पाहायची नाही हे येतं. ‘तर’ पाहून वाचणाऱ्याला कळतं, की ही ओळ माझ्यासाठी आहे की नाही. ‘तर’च्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे, ती म्हणजे अट आधी, कृती नंतर. ‘दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावे, उलटी झाल्यास’ असं लिहिलं, तर घाईत वाचणारी आई पहिला भाग वाचून प्रत्येक वेळी दहा मिनिटं थांबेल. ‘उलटी झाली, तर दहा मिनिटं थांबा’ यात अट ओलांडल्याशिवाय कृतीपर्यंत पोचताच येत नाही.

पण ओआरएसच्या पत्रकात सगळ्यात जास्त वजन ‘तरी’वर पडतं, आणि त्याचं कारण औषधाच्या कामातच आहे. ओआरएस जुलाब थांबवत नाही. आतड्याच्या अस्तराला साखर आणि मीठ योग्य प्रमाणात एकत्र मिळाले, की ग्लुकोजबरोबर सोडियम आत ओढलं जातं आणि त्यामागोमाग पाणी शरीरात शिरतं. जुलाब जोरात चालू असतानाही ही वाट बहुतेक वेळा उघडी राहते. 1971 मध्ये बांगलादेशच्या युद्धात सीमेवरच्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, शिरेतून द्यायचं सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी तोंडाने पाजून असंख्य रुग्ण वाचवले, ते याच बळावर. म्हणजे ओआरएस गेलेलं पाणी भरून काढतं, आणि शी मात्र काही दिवस पातळच राहते. हे आईला कोणी सांगितलं नाही, तर तिचा निष्कर्ष सरळ असतो: पाजलं, जुलाब थांबले नाहीत, म्हणजे उपयोग नाही. ती पाजायचं सोडते. झिंकच्या गोळीचं नेमकं उलटं होतं. तीन-चार दिवसांत बाळ बरं होतं, आणि गोळी बंद केली जाते. पण झिंक 14 दिवस द्यायचं ते या वेळचा जुलाब आवरावा आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा होण्याची शक्यता कमी व्हावी, या दोन्हींसाठी. दोन्ही चुका ‘द्यावे’ या शब्दाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. त्यांना ही दोन वाक्यं लागतात: जुलाब थांबले नाहीत तरी ओआरएस देत राहा, आणि जुलाब थांबले तरी झिंकची गोळी 14 दिवस द्या.

‘म्हणजे’ आणि ‘नाहीतर’ कारण सांगतात. कारण सगळीकडे लिहू नये, मजकूर फुगतो. जिथे माणूस स्वतःच्या अकलेने फेरफार करण्याची शक्यता असते तिथे ते लिहावं. ओआरएसमध्ये अशी जागा म्हणजे पाण्याचं माप. बाजारात लिटरभर पाण्याची पाकिटं मिळतात तशी 200 मिलीचीही मिळतात. लिटरचं पाकीट एका पेल्यात कालवलं, तर मीठ पाचपट होतं. ते बाळाला अपायकारक आहे, शिवाय त्याने जुलाब वाढतात. उलट, लहान पाकीट लिटरभर पाण्यात घातलं, तर पाणी मिळतं पण आत ओढून घेणारं मीठ आणि साखर पुरत नाही. ‘बाळ लहान आहे, अर्धंच पाकीट करू’ हाही समजूतदार वाटणारा फेरफार आहे, पण पावडरीतले घटक सगळीकडे सारखे मिसळलेले असतीलच असं नाही, त्यामुळे अर्ध्या पाकिटात नेमकं काय आलं ते कळत नाही. ‘संपूर्ण’ हा एक शब्द हे थांबवू शकत नाही. त्याला कारणाची जोड हवी.

या सगळ्याचा हिशेब घेऊन तेच पत्रक पुन्हा लिहिलं, तर ते असं होईल:

‘बाळाला जुलाब होताहेत? मग पहिल्या पातळ शीपासूनच ओआरएस सुरू करा. फक्त बाळ दोन महिन्यांहून लहान असेल, तर घरी थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या आणि वाटेतही अंगावर पाजत राहा.

आधी पाकीट किती पाण्याचं आहे ते त्यावर पाहा. 1 लिटरचं असेल, तर लिटरची बाटली भरून पाणी घ्या. 200 मिलीचं असेल, तर ज्या पेल्याने लिटरच्या बाटलीतून बरोबर पाच पेले भरतात, तो एक पेला घ्या. उकळून गार केलेलं पाणी असेल तर उत्तम. नसेल तर घरातलं पिण्याचं स्वच्छ पाणी घ्या, पण त्यासाठी उशीर करू नका.

आता साबणाने हात धुवा, पाणी स्वच्छ भांड्यात ओता आणि पाकिटातली सगळी पावडर त्यात घाला. अर्धी ठेवू नका, नाहीतर मीठ-साखरेचं प्रमाण चुकेल. पावडर दिसेनाशी होईपर्यंत ढवळा. वरून साखर, मीठ, दूध, काहीही घालू नका. तयार पाणी उकळू नका.

बाळाला पातळ शी झाली की लगेच वाटी-चमच्याने पाजा. दोन वर्षांपर्यंतच्या बाळाला दर वेळी त्याच पेल्याने पाव ते अर्धा पेला, त्याहून मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला. उलटी झाली, तर दहा मिनिटं थांबा. मग पुन्हा द्या, पण हळू, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. जुलाब लगेच थांबले नाहीत तरी देत राहा, कारण हे पाणी जुलाब थांबवण्यासाठी नाही, शरीरातून गेलेलं पाणी भरून काढण्यासाठी आहे. तोवर अंगावरचं दूध आणि रोजचं जेवण चालूच ठेवा.

सोबत झिंकची गोळी मिळाली असेल, तर डॉक्टरांनी किंवा आशाताईंनी सांगितली तेवढी रोज एकदा, चमचाभर पाण्यात किंवा अंगावरच्या दुधात विरघळवून द्या. जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण करा.

बाळ पीत नसेल,
सुस्त पडलं असेल,
डोळे खोल गेले असतील,
शीतून रक्त जात असेल,
लघवी होत नसेल,
तर लगेच दवाखान्यात न्या.’

मजकूर लांबला, हे दिसतंच आहे. पण मुळातल्या सहा ओळी वाचून आई जिथे जिथे थांबणार होती, तिथे आता तिला पुढचं वाक्य सापडतं. पाण्याची टीप तळातून वर आली, कारण पाणी आधी लागतं. पेल्याचं मापही मुद्दाम बांधून घेतलं. घरातले पेले आणि कप लहानमोठे असतात, तांब्याचं तर सांगताच येत नाही, पण पाण्याची लिटरची बाटली बहुतेक घरांत सापडते.

शेवटचा भाग मात्र मी मुद्दाम गप्पांच्या सुरात ठेवलेला नाही. तिथे एका ओळीत एकच लक्षण आहे आणि जोड एकच, शेवटचा ‘तर’. धोक्याची लक्षणं कोणी सलग वाचत नाही, घाबरलेली नजर त्यांच्यावरून खाली धावते. ती वाक्यात गुंफली तर मधलं एखादं निसटतं. यादी आणि क्रमांक टाकाऊ नाहीत, त्यांची जागा वेगळी आहे. जिथे शोधायचं असतं तिथे यादी ठेवावी. जिथे एकामागून एक करत जायचं असतं तिथे सलग बोलावं.

मैत्रीच्या सुरात आणखी एक धोका आहे. तो सूर लागला की मोजमापं विरघळायला लागतात. ‘साधारण एवढं पाणी’, ‘थोडा वेळ’, ‘जरासं’ असे शब्द कानाला गोड लागतात आणि हाताला काहीच सांगत नाहीत. ‘काही काळ’ काढून ‘थोडा वेळ’ लिहिलं, तर फक्त परिपत्रकातली अस्पष्टता बोलीभाषेत आली. ‘दहा मिनिटं’ हे दोन शब्द त्याहून आपुलकीचे आहेत, कारण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर देतात. तसंच ‘अगदी सोप्पं आहे हं’, ‘फक्त एवढंच करायचं’ अशी वाक्यं. ज्या आईचं बाळ तीन वेळा ओकलं आहे तिला ते सोपं वाटत नसतं, आणि जमलं नाही तर ‘सोपं’ असूनही आपल्याला जमलं नाही, हा सल वर येतो.

‘-ऊन’च्या साखळीपासूनही जपायला हवं. ‘हात धुवून, पाणी उकळून, गार करून, भांड्यात ओतून, त्यात पावडर घालून, ढवळून बाळाला पाजा’ हे वाक्य ओघवतं वाटतं, पण सहा कामं आणि पाजणं एका श्वासात येतात, आणि उकळणं व गार करणं यांच्या मधला अर्धा-पाऊण तास त्यात नाहीसा होतो. एका वाक्यात एखादं ‘-ऊन’ ठीक. जिथे हात खरोखर थांबतो, तिथे वाक्यही थांबावं.

असं पत्रक जमलं की नाही हे ‘कळलं का?’ विचारून समजत नाही. त्याला सगळे ‘हो’च म्हणतात, कारण ‘नाही’ म्हणायला संकोच वाटतो. याबाबतीत बांगलादेशातल्या ‘ब्रॅक’ संस्थेचं काम पाहण्यासारखं आहे. 1980 ते 1990 या दशकात त्यांच्या कार्यकर्त्या घरोघर, एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि तीन बोटांच्या चिमटीतलं मीठ व मूठभर गूळ मापाच्या पाण्यात कालवून जुलाबावरचं पाणी कसं करायचं ते आयांना शिकवलं. काही काळाने वेगळी माणसं त्यांतल्या काही घरी जात, आईला प्रश्न विचारत आणि तिला ते पाणी करून दाखवायला सांगत. आईच्या लक्षात किती राहिलं आणि पाणी किती बरोबर झालं, त्यावर शिकवणाऱ्या कार्यकर्तीचा मोबदला ठरे. चूक झाली तर ती शिकणारीची धरली जात नव्हती, शिकवण्याची धरली जात होती.

पत्रक लिहिणाऱ्यालाही हे घरच्या घरी करता येतं. एखाद्या शेजारणीच्या हातात पाकीट, भांडी आणि कागद द्यावा, आपण गप्प बसावं आणि तिचा हात कुठे थांबतो ते पाहावं. वरच्या मजकुरात तो थांबेल अशी एक जागा शिल्लक आहे. कालवलेलं पाणी उरलं तर काय करायचं, हे मुळातल्या चौथ्या ओळीत होतं, नव्या लेखनात ते गळलं आहे. सलग बोलीत लिहिताना असं होतं. क्रमांक नसल्यामुळे एखादी पायरी सांडली तरी चटकन दिसत नाही, म्हणून शेवटी जुनी यादी समोर ठेवून एकेक ओळ ताडून पाहावी लागते. ती ओळ परत घालतानाही ‘24 तासांच्या आत वापरावे’ अशी घालू नये, कारण ते वाचून तिला तासांची बेरीज करावी लागेल. पाजण्याच्या परिच्छेदानंतर असं लिहावं: ‘उरलेलं पाणी झाकून ठेवा. आज संध्याकाळी सातला केलं असेल, तर उद्या संध्याकाळी सातपर्यंत चालेल. त्यानंतर उरलं, तर ओतून द्या आणि नवीन पाकीट फोडा.’